मग आईने काय केलं?

"ताट आपटल्यावर मग आईने काय केलं?"

दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने हे विचारलं. माणूस बस चालवायचा. सकाळी सिस्टर दारात उभं राहून एकेकाचं स्वागत करत होती, तेव्हा त्याने तसं सांगितलं होतं. सुट्टी मिळत नव्हती, मोठ्या मुश्किलीने अर्ध्या दिवसाची पाळी बदलून घेतलीय, असंही सांगितलं होतं. हात वर करायचीही त्याला सवय नसावी. हात अर्धवट उचलला, मान खाजवल्यासारखं केलं आणि विचारून मोकळा झाला. आवाजात खोच नव्हती. पुढचा थांबा कुठला, असं कुणी विचारावं इतक्या सरळपणे त्याने विचारलं आणि उत्तरासाठी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. खोलीतली बाकीची सव्वीस माणसंही तिच्या तोंडाकडे बघायला लागली. सिस्टरने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला हे माहीतच नाही.

सगळे तिला सिस्टरच म्हणत. हॉस्पिटलातली नोकरी सोडून सहा वर्षं झाली होती, पांढरे कपडे कधीच कपाटाच्या तळाशी गेले होते, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ही सहा वर्षं ती एकच काम करत होती. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, अशांना एका दिवसात शिकवायचं: कूस कशी बदलायची, पाठीला जखमा कशा होऊ द्यायच्या नाहीत, ठसका न लागता भरवायचं कसं, अंथरुणावरच अंग कसं पुसायचं. शिकवण्याचा भाग तिला कधीच अवघड वाटला नव्हता. हात आपले आपण चालत. अवघड असायची ती सुरुवातीची दहा मिनिटं. तिला हे पहिल्याच कार्यशाळेत कळलं होतं, आणि चांगलं फजित होऊन कळलं होतं. तेव्हा तिने शाळेतल्यासारख्या रांगेत खुर्च्या मांडल्या होत्या, नमस्कार करून थेट विषयाला हात घातला होता आणि दर तासाला विचारलं होतं, "काही शंका?" माणसं माना हलवायची. नाही, नाही. सगळं ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी संपलं, टाळ्याही झाल्या. ती पिशवी खांद्याला लावून बाहेर पडली तर जिन्यापाशी एका बाईने तिचं कोपर घट्ट धरलं आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "सिस्टर, सासऱ्यांच्या अंगाचा वास माझ्या हाताला येतो. स्वयंपाक करताना येतो. साबणाने जात नाही. मी वाईट आहे का हो?" त्या बाईच्या मागे आणखी तिघीजणी उभ्या होत्या. चौघींनी दिवसभर मिठाची गुळणी धरली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं, की 'काही शंका?' हा प्रश्नच नव्हे. त्याला एकच उत्तर असतं: 'नाही.' माणूस शंका घेऊन येत नाही, लाज घेऊन येतो. आणि लाजेला हात वर करता येत नाही.

मग तिने ते सुरुवातीचं भाषण एखाद्या सुतारासारखं घडवलं. दर वेळी थोडं तासून, थोडी पाचर मारून. खुर्च्या अर्धगोलात, म्हणजे कुणाच्याही पुढे कुणाची पाठ नको. आधी दारात उभं राहून प्रत्येकाशी एकेक वाक्य. ज्याचा आवाज दारात एकदा फुटला, त्याचा आत फुटायला सोपं जातं. मग उभं राहून नमस्कार, आणि आलात म्हणून आभार. नुसते आभार नाहीत, तर कशाचे तेही. "तुम्ही प्रत्येकजण आज घरी कुणालातरी कुणाच्यातरी भरवशावर टाकून आला आहात. तुमचं अर्धं लक्ष तिकडे असणार. असू दे." इथे खांदे थोडे खाली येतात, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. मग अगदी व्यवहाराचं: पाणी कुठे, बाथरूम कुठलं, चहा किती वाजता, पाठ दुखत असेल तर उभं राहून ऐकलं तरी चालेल. फोन बंद करू नका, फक्त आवाज बंद करा. घरून फोन आला तर न विचारता बाहेर जा, परत या, काय चुकलं ते मी पुन्हा सांगेन. मग आज काय होईल, आणि काय होणार नाही: औषधं मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. इथे बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही. मग विचारायचं कसं: हात वर करा, नाहीतर मध्येच बोला, नाहीतर या चिठ्ठ्या आहेत, नाव न घालता लिहा आणि त्या खोक्यात टाका. तुमचा प्रश्न मी मोठ्याने पुन्हा म्हणेन, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल आणि मला नीट कळला की नाही तेही तुम्हाला कळेल. मला उत्तर आलं नाही तर मी तसं सांगेन, फळ्याच्या या कोपऱ्यात लिहीन आणि जाण्याआधी शोधून देईन. "काहीही विचारा," असं शेवटी म्हणायचं, आणि त्यानंतर 'कुणाला विचारायचंय का?' नव्हे, तर "पहिला प्रश्न कोणता?" असं. म्हणजे प्रश्न आहेतच, हे गृहीत धरून. आणि मग गप्प बसायचं. मनातल्या मनात सातपर्यंत मोजायचं. पाणी प्यायचं नाही, कागद चाळायचे नाहीत, घड्याळाकडे बघायचं नाही. पाचाच्या सुमारास आपल्याच छातीत कुणीतरी ढुशी देतं, की बोल, काहीतरी बोल. तेव्हा बोललात तर मेलात. आणि पहिला प्रश्न आला, की तो कसाही असो, 'छान प्रश्न' असं कधीच म्हणायचं नाही. एकाचा छान म्हटला की दुसऱ्याला आपला फालतू वाटतो. पहिल्या प्रश्नाचं जे होतं ते सगळी खोली बघत असते. तो झेलला गेला तर दिवस तरला.

पण हे सगळं करूनही खोली अर्धीच उघडायची. चौथ्या की पाचव्या वेळी, 'काहीही विचारा'च्या अगदी अलीकडे, तिच्या तोंडून ते निघून गेलं. ठरवून नव्हे. समोर एक थकलेला मुलगा, म्हणजे चाळिशीचा गृहस्थ, आईचं सगळं करणारा मुलगा, जमिनीकडे बघत बसला होता, आणि ती म्हणाली, "मी नर्स आहे, तरी सांगते. माझी आई तीन वर्षं अंथरुणाला होती. एकदा ती घास गिळेचना. तासभर बसले. मग मी तिच्यासमोर ताट आपटलं. ओरडले तिच्यावर. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले." त्या गृहस्थाने मान वर केली. खोलीतून एक लांब श्वास बाहेर पडला आणि मग प्रश्नांची अशी रीघ लागली, की चहा निवून गेला. तेव्हापासून ते ताट भाषणात आलं ते आलंच. नमस्कारानंतर आभार, आभारानंतर पाणी-बाथरूम-चहा, चिठ्ठ्या, फळ्याचा कोपरा, आणि मग ताट. हळूहळू तिला ते नेमकं कुठे थांबून म्हणायचं तेही कळायला लागलं. 'नळ सोडून' यापाशी आवाज किंचित खाली न्यायचा. हळूहळू तिला ते दिसायलाही लागलं: स्टीलचं ताट, फरशीवर उडालेला मऊ भात, नळाची धार.

फक्त ते ताट तिचं नव्हतं. ताट ताईचं होतं.

आता त्या सत्तावीस चेहऱ्यांसमोर उभं असताना तिला एखाद्या बंद कपाटाचं दार आपोआप उघडावं तसं झालं. वॉर्डातली संध्याकाळ. पाळी संपत आलेली, पुढच्या पाळीसाठी ती नोंदी लिहीत होती. खाट चार, सलाईन बदललं. खाट पाच, ताप उतरला. कानाशी फोन खांद्याने दाबलेला आणि त्यातून ताईचा आवाज. ताई एकशेदहा किलोमीटरवर, आईजवळ. ताईने लग्न केलं नव्हतं, म्हणून आई ताईकडे. हे कुणी ठरवलं नव्हतं, पाणी उताराला जावं तसं झालं होतं. ताई म्हणाली, "चिमे, आज मी आईसमोर ताट आपटलं. ओरडले तिच्यावर. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले." आणि ती, चिमी, लिहिता लिहिता म्हणाली होती, "घास छोटा कर. हनुवटी छातीकडे झुकलेली असू दे, मान मागे टाकू देऊ नकोस. जेवण झालं की अर्धा तास बसतं ठेव." सगळं अचूक होतं. आजही ती हेच शिकवते. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ताई म्हणाली, "बरं." खाट सहा, लघवीची पिशवी रिकामी केली.

त्या शांततेत किती आकडे मोजता आले असते? सात? तेव्हा तिला मोजायचं माहीत नव्हतं.

आणि ताटच कशाला, बाकीचंही किती ताईचं! आडवी घडी घातलेली चादर खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घालायची आणि तिच्या कडा अंगालगत गुंडाळून धरून कूस बदलायची, हे वॉर्डात दोघी मिळून करायच्या. पण घरात एकटीने करायचं तर आधी पलंग भिंतीला लावून घ्यायचा, आपला एक गुडघा गादीवर टेकायचा, आणि ओढण्याआधी 'आता वळायचं हं' असं म्हणून त्यांच्या श्वासाची वाट बघायची, हे ताईने शोधलं होतं. तोंड धुवायला नळीचं झाकण असलेली बाटली, गुडघ्यांमध्ये उशीऐवजी गुंडाळलेला टॉवेल, ऐकू कमी येणाऱ्याला कपाळावर बोट टेकवून आपण आल्याचं कळवणं. ती महिन्यातून एकदा, कधी दोन महिन्यांतून जायची, रविवारी सकाळी पोचायची आणि संध्याकाळची गाडी पकडायची. आईची पाठ तपासायची. एकही जखम नसायची. "छान ठेवलंयस," असं ती ताईला म्हणायची, जशी वॉर्डात नव्या नर्सला म्हणायची तसं. ताई चहा टाकायला उठून जायची. दोघींचं भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला निदान दोन टोकं असतात. आई गेल्याला नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत वाढदिवसाला फोन, तब्येत बरी आहे ना, तुझी? बरी, एवढंच. दोघी एकमेकींना काहीच विचारत नव्हत्या. विचारत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून.

बसवाला अजून बघत होता. तिला जाणवलं, की आपण पाचाच्या पलीकडे गेलो आहोत, कदाचित नवाच्याही. पण या वेळी मोजणारी खोली होती. तिच्या जिभेवर एक उत्तर तयार होऊन आलंही. 'आई हसली हो. आईच ती.' किती सोपं. खोलीतल्या अर्ध्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, दिवस तरला असता. किंवा, 'आईला कळलंच नाही, तिला तेव्हा कळत नव्हतं.' तेही चाललं असतं. सहा वर्षं उसनं आणलेलं ताट, त्याला उसनी आई जोडायला कितीसा वेळ? पण हा माणूस गोष्टीचा शेवट ऐकायला विचारत नव्हता. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी चिकटपट्टी होती. ताजी. ती आता तिला दिसली.

"प्रश्न असा आहे," ती म्हणाली, कारण तिचा नियमच होता, "की ताट आपटल्यावर मग आईने काय केलं." आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "मला माहीत नाही."

"आठवत नाही?" बसवाल्याने मदत केल्यासारखं विचारलं.

"नाही. माहीतच नाही. ते ताट मी आपटलं नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीने आपटलं. आईचं सगळं तिने केलं. मी तिची गोष्ट माझी म्हणून सांगते. बरीच वर्षं सांगतेय."

कुणीतरी खुर्ची सरकवली. मध्ये बसलेल्या एक जाडसर बाई होत्या, कचेरीत कारकून. पतीला अर्धांग झालेलं. त्यांनी मांडीवरची वही मिटली. "म्हणजे तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत," त्या म्हणाल्या. चिडून नव्हे, नोंद केल्यासारखं.

"हो."

"आणि आम्ही मात्र खरं खरं विचारायचं."

घडवलेल्या भाषणात कुठेच याची जागा नव्हती. तिला एकदम उभं राहण्याचाच कंटाळा आला. ही माणसं पाळ्या बदलून, शेजाऱ्यांच्या विनवण्या करून आली होती. त्यांना जे हवं ते त्यांच्या हाताला शिकवायचं होतं, आणि आपण दारातच त्यांची पायरी मोडून ठेवली. मागे भिंतीशी संयोजिका उभी होती, एक काटकुळी, उत्साही बाई. ती भुवयांनीच 'पुढे चला, पुढे चला' असं सांगत होती.

"मग बहिणीला विचारा ना," बसवाला म्हणाला.

काहीजण हसले. तो हसला नाही. त्याला त्यात अडचण काय, हेच कळत नव्हतं. तुम्हीच म्हणालात, उत्तर आलं नाही तर कोपऱ्यात लिहीन आणि शोधून देईन.

"विचारते," ती म्हणाली. खडू घेतला आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं: 'मग आईने काय केलं?' प्रश्नचिन्ह काढताना खडू तुटला.

त्यानंतरचा दीड तास कोरडा गेला. प्रश्न आले, पण कडेकडेचे: हवेची गादी घ्यावी का, दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा का, डायपरला पर्याय काय. तिने उत्तरं दिली. प्रात्यक्षिकाला संयोजिकेलाच पलंगावर झोपवलं, चादरीच्या कडा गुंडाळल्या, गुडघा टेकवला, 'आता वळायचं हं' म्हटलं, आणि मग थांबून म्हणाली, "हेही माझ्या बहिणीचं." कारकून बाईंनी वही पुन्हा उघडली होती, एवढं मात्र तिने पाहिलं. चिठ्ठ्यांचं खोकं खिडकीत होतं. त्यात किती पडल्या, हे बघायचा तिला धीर झाला नाही.

चहाची सुट्टी झाली तेव्हा ती जिन्यात गेली. दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर, जिथे जुनी टेबलं रचून ठेवली होती. चहाचा कप तिने कठड्यावर ठेवला. फोनवर 'ताई' असं नाव आणि त्याखाली शेवटच्या बोलण्याची तारीख. चार महिन्यांपूर्वीची. तिला वाटलं, आधी इकडचं तिकडचं बोलावं, तब्येत, गुडघे, हवा. भाषणात नाही का, आधी पाणी कुठे आणि बाथरूम कुठे. घंटा वाजत राहिली. वाजू दे, नको उचलूस, असंही एकदा मनात येऊन गेलं.

"काय गं? आज कसा फोन?" ताईच्या मागे कुठेतरी रेडिओ लागला होता. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. ताई, एक विचारायचंय."

"विचार की."

"तू एकदा आईसमोर ताट आपटलं होतंस. मला फोन केला होतास."

रेडिओ बंद झाला. "हं."

"मग आईने काय केलं?"

पलीकडे शांतता. तिने मोजलं नाही. मोजायचं सुचलंच नाही.

"तू हे आत्ता विचारतेस?" ताई म्हणाली.

"हो."

"काही नाही केलं," ताई म्हणाली. आवाज सपाट होता, लांबचं बघून सांगावं तसा. "मी बाथरूममधून तोंड धुऊन आले. वाटलं, रडत असेल, नाहीतर रुसली असेल, भिंतीकडे तोंड करून. तर ती तशीच बसली होती, उशांना टेकून. तोंड उघडून. तासभर मिटलेलं तोंड, आणि आता 'आ' करून बसलेली. पाखराच्या पिल्लासारखी. घाबरून उघडलं होतं, की भूक लागली म्हणून, की मी मघाशी ओरडले तेच धरून बसली होती, मला आजपर्यंत नाही कळलं. मी खाली पडलेला भात गोळा केला, टाकून दिला, दुसरा कालवून आणला. तोवर तिने तोंड मिटलं नव्हतं. सगळा जेवली. तेच सांगायला फोन केला होता तुला. ताटाचं नव्हतं सांगायचं."

सिस्टर खालच्या पायरीवर बसली. चहाचा कप वर कठड्यावरच राहिला. तिने ते दृश्य इतक्या वेळा पाहिलं होतं, ताट, भात, नळाची धार. आणि खोलीच्या मध्यभागी उशांना टेकून बसलेलं माणूस त्यात कधी नव्हतंच. आपल्या दृश्यात आईची जागा रिकामी होती. कुणी पाहिलंही नव्हतं तिकडे, आपणही नाही.

पावलं वाजली. बसवाला जिना उतरून येत होता. तिला फोन कानाशी धरून बसलेली बघून तो परत फिरायला लागला.

"थांबा," ती म्हणाली, आणि फोनमध्ये, "ताई, ठेवू नकोस हं, एक मिनिट." फोन तिने मांडीवर धरला. "बहिणीला विचारलं. आईने तोंड उघडलं होतं. बहीण परत आली तेव्हा तोंड उघडून बसली होती. का ते बहिणीला माहीत नाही. घाबरून असेल, भुकेने असेल. मग तिने दुसरा भात आणला आणि आई जेवली."

बसवाल्याने ऐकून घेतलं. अंगठ्याजवळच्या चिकटपट्टीची कड तो दुसऱ्या हाताने दाबत होता. "माझे वडील काल मी आपटलेला पेला फुटल्यावर मला म्हणाले, तू कोण," तो म्हणाला. "एरवी ओळखतात. मला वाटलं, मुद्दाम म्हणाले. मला लावून म्हणाले. रात्रभर तेच डोक्यात." त्याने चिकटपट्टी पुन्हा दाबली. "मुद्दाम नसेलही, नाही का?"

तिच्याकडे यावर एक तयार उत्तर होतं, मेंदू, विस्मृती, संध्याकाळच्या वेळी वाढणारा गोंधळ, सगळं बरोबर आणि सगळं उपयोगाचं. ते ती दुपारच्या सत्रात सांगणारच होती. "मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "नसेलही. असेलही."

"मग दुसरा पेला आणायचा."

"हो. स्टीलचा."

आता तो हसला. मान हलवून वर गेला, दोन दोन पायऱ्या घेत. माणसाच्या पाठीवरचं ओझं उतरलं वगैरे असं काही तिला दिसलं नाही. एक माणूस चहा संपायच्या आत वर पोचायला निघाला होता, एवढंच. तिने फोन कानाला लावला.

"कोण होतं?" ताईने विचारलं.

"बस चालवतात. वडील अंथरुणाला आहेत. प्रश्न त्यांचा होता."

"हं. मला वाटलंच." फोनमधून स्वयंपाकघरातलं भांडं सरकवल्याचा आवाज आला. "चिमे, मग मीही एक विचारू?"

हे वाक्य ऐकायला आपण सहा वर्षं खोल्याच्या खोल्या सजवल्या, खुर्च्या अर्धगोलात मांडल्या, आवाज खाली नेला, असं काहीसं तिच्या मनात आलं, आणि मग तेही मावळलं. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "विचार."

"आई गेली त्या दिवशी मी सकाळी तुझ्या वॉर्डात फोन केला होता. ती गेली दुपारी. सकाळीच मला तिचा श्वास वेगळा वाटला होता. कुणा बाईने उचलला, म्हणाली, निरोप देते. तो निरोप तुला मिळाला होता?"

जिन्याच्या खिडकीच्या काचेवर धूळ होती आणि धुळीवर कुणीतरी बोटाने रेघ ओढलेली. ती त्या रेघेकडे बघत राहिली. सकाळची फेरी. मोठे डॉक्टर, मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, तिच्या हातात नोंदींचा तक्ता. दारातून सहकारी नर्सने हाक मारली होती, घरून फोन आहे, बहीण आहे, जरा घाईचं दिसतंय. आणि तिने मान न वळवता हाताने 'नंतर' अशी खूण केली होती. खाट नऊ. खाट दहा. नंतर केला तेव्हा ताई म्हणाली होती, "आता ये." ती गेली, सगळं निस्तरलं, दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि सकाळच्या फोनचा विषय निघाला नाही. ना तिने काढला, ना ताईने.

निरोप मिळाला नाही, असं म्हणता आलं असतं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. ती नर्सही आता कुठे असेल कोण जाणे.

"मिळाला होता," ती म्हणाली. "लगेच मिळाला होता. घाईचं आहे, असंही सांगितलं तिने. राउंड चालू होता. मी म्हटलं, नंतर करते."

पलीकडे काहीच नाही. तिच्या छातीत ती ओळखीची ढुशी बसली, बोल, काहीतरी बोल, सांग की मला काय माहीत होतं, सांग की राउंडमधून बाहेर पडता येत नाही, सांग की चुकलं. ती बोलली नाही. या वेळी गप्प बसणं म्हणजे युक्ती नव्हती. ताईच्या शांततेत पाऊल टाकायचा आपल्याला अधिकार नाही, एवढं तिला कळत होतं. वर खोलीत कपबशा गोळा केल्याचे आवाज यायला लागले होते.

"मी धरून चालले होते, की निरोप पोचलाच नसेल," ताई शेवटी म्हणाली. "त्या बाईला शिव्या घालायचे मनात. किती वर्षं. बिचारी."

"ताई..."

"थांब जरा. बोलू नकोस."

ती थांबली. ताई रडत होती की नाही, कळत नव्हतं. नाक ओढल्यासारखा आवाज आला एकदा. तो सर्दीचाही असू शकत होता.

जिन्याच्या वरच्या टोकाला संयोजिका येऊन उभी राहिली. तिच्या हातात चिठ्ठ्यांचं खोकं होतं. ते तिने हलवून दाखवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. सगळे बसलेत, असं ओठांनीच म्हणाली.

"कोणीतरी बोलावतंय तुला," ताई म्हणाली. तिला कसं कळलं कोण जाणे. "जा. माणसं खोळंबली असतील."

सिस्टरने पायरीवर पाय जवळ घेतले, भिंतीला पाठ टेकवली आणि वर बघून हात 'नाही' असा हलवला.

"थांबतील," ती म्हणाली. "तू बोल."